बी.कॉम. झालात आणि अकाउंट्सची पहिली मुलाखत आहे? या तीन गोष्टी करून जा

नमस्कार मंडळी. मी भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते, आणि निकाल लागले की बी.कॉम. होऊन आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती माझ्याच टेबलावर होतात. ताठ बसा, हसून बोला, कॉन्फिडन्स ठेवा हे तुम्हाला मावशीपासून सगळ्यांनी सांगून झालंय. मी तीनच गोष्टी सांगते, आज रात्री घरी बसून करता येतील अशा.

पहिली. रेझ्युमेवर ‘टॅली’ लिहिलंय ना? मग एंट्री कागदावर जमली पाहिजे. मी कॉम्प्युटर देत नाही, कोरा कागद पुढे सरकवते आणि म्हणते, "पुण्यातल्याच पार्टीकडून एक लाखाचं मशीन उधारीवर घेतलं, जीएसटी 18 टक्के. लिही."

[स्क्रीनवर कागद, एंट्री हाताने लिहिताना]

मशिनरी, नावे 1,00,000
इनपुट सीजीएसटी, नावे 9,000
इनपुट एसजीएसटी, नावे 9,000
पार्टी, जमा 1,18,000

बरेच जण इथे मशीन ‘परचेस’ला टाकून मोकळे होतात. अरे, मशीन आपण वापरायला घेतलंय, विकायला नाही! ते मालमत्तेत जाणार. एंट्री बरोबर आली की माझा पुढचा प्रश्न: पार्टी सुरतची असती तर? मग सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी 18,000, एकच ओळ. आणि पार्टीनं आपलं जीएसटीआर-1 भरलंच नाही तर? तर ते बिल आपल्या 2बीमध्ये येणार नाही, आणि येत नाही तोवर क्रेडिट घेता येणार नाही. हे शेवटचं उत्तर ज्याला येतं त्याची मार्कशीट मी उघडतसुद्धा नाही.

तेव्हा आज रात्री वहीत चार एंट्र्या करा: मशीन खरेदी, पगार, बँकेचे चार्जेस आणि टीडीएस कापून दिलेली सीएची फी. सोबत तारखा पाठ करा. टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, फक्त मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 11 तारखेला, 3बी 20 तारखेला. आणि एका दिवसाच्या वर्कशॉपच्या जोरावर ‘एसएपी’ लिहिलं असेल तर ते आत्ताच खोडा. मी तिथेच बोट ठेवणार.

दुसरी गोष्ट, "स्वतःबद्दल सांगा." इथे वडील काय करतात, घरी किती जण, क्रिकेटची आवड, असं सुरू होतं. माझं लक्ष तोवर चहाकडे गेलेलं असतं. नाव, कॉलेज, वर्ष एका वाक्यात उरका आणि थेट केलेल्या कामावर या. "इंटर्नशिप नाही हो केली मॅडम," असं म्हणाल. ठीक आहे. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात उधारीची वही लिहिलीत? सोसायटीच्या गणपतीची वर्गणी सांभाळलीत? मग असं बोला: "सोसायटीच्या गणपतीचा हिशोब माझ्याकडे होता. 64 फ्लॅट, 96,000 वर्गणी. पावतीपुस्तक आणि बँकेत 1,500चा फरक येत होता, शोधला तर एका फ्लॅटचं यूपीआय खजिनदारांच्या स्वतःच्या खात्यात गेलेलं." आकडे अर्थात तुमचे स्वतःचे. एवढं ऐकलं की मीच विचारते, "कसा शोधला?" आता मुलाखत तुमच्या हातात आली. मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा, दीड मिनिटाच्या वर गेलात तर छाटा.

तिसरी, पगार. "किती अपेक्षा आहे?" म्हटलं की पोरं "कंपनीच्या नियमाप्रमाणे" म्हणतात, आणि पहिल्या महिन्याचा मेसेज आला की घरी रुसून बसतात. अकाउंट्सची माणसं ना आपण? हिशोब करून जा. समजा सीटीसी वर्षाला 2,40,000, म्हणजे महिना 20,000. बेसिक 12,000 धरू. कंपनीचा पीएफ 12 टक्के, 1,440, तो या 20,000 मध्येच धरलेला असतो. तुमच्या वाट्याचे आणखी 1,440 कापले जातात. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. महाराष्ट्रात बायकांना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, त्यामुळे मुलींनो, तुमचे 200 वाचले.

[स्क्रीनवर: 20,000 − 1,440 − 1,440 − 200 = 16,920]

हातात 16,920. ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली असेल तर अजून कमी. म्हणून आकडा सांगताना ‘हातात’ हा शब्द वापरा: "हातात 17-18 हजार अपेक्षित आहेत. तुमच्या सीटीसीत पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलीय का?" हा प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती नको. पगारपत्रक ज्याला वाचता येतं असाच माणूस आम्ही शोधतोय.

चार एंट्र्या लिहून झाल्या की उत्तरं खाली कमेंटमध्ये टाका, चुकलं तर मी सांगेन. बँक रिकन्सिलिएशन बऱ्याच जणांनी मागितलंय, ते पुढच्या शुक्रवारी घेऊ.