प्रयोग : कर्तरी, कर्मणी, भावे (इयत्ता दहावी, मराठी व्याकरण)

मुलांनो, सराव परीक्षेच्या पेपरात ‘प्रयोग ओळखा’ या प्रश्नाला बहुतेकांना पूर्ण गुण आहेत. पण त्याच पेपरात पुढे बातमी लिहिताना आणि निबंधात प्रयोगाच्याच चुका ढिगाने झाल्या आहेत. व्याख्या पाठ आहे, पण वाक्य लिहिताना ती हाताशी येत नाही. म्हणून आज व्याख्या थोडक्यात उरकू आणि वेळ चुकांना देऊ.

वाक्यातले क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, एवढेच पाहायचे. ‘रोहन चिठ्ठी लिहितो.’ रोहनच्या जागी स्नेहल आणा : ‘स्नेहल चिठ्ठी लिहिते.’ कर्ता बदलला, क्रियापद बदलले. हा कर्तरी. आता ‘रोहनने चिठ्ठी लिहिली.’ इथे स्नेहलला आणले तरी ‘लिहिली’च राहते. पण चिठ्ठीच्या जागी निबंध ठेवा, लगेच ‘लिहिला’ होते. क्रियापद कर्मामागे गेले, हा कर्मणी. तिसरे वाक्य : ‘रोहनने कुत्र्याला हाकलले.’ स्नेहलने हाकलले, कुत्रीला हाकलले, कुत्र्यांना हाकलले. काहीही बदला, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात घट्ट बसलेले. हा भावे.

तुमच्यापैकी बरेच जण सेमी इंग्रजीचे आहेत आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. इंग्रजीच्या तासाला ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस शिकलात, आणि कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असे धरून चाललात. तसे नाही. ‘रोहनने चिठ्ठी लिहिली’ हे मराठीत कर्मणी, पण याच अर्थाचे इंग्रजी वाक्य ॲक्टिव्ह. कारण इंग्रजीत विचारतात, कर्ता पुढे आहे की मागे. मराठीत विचारतात, क्रियापद कोणाशी जुळते. इंग्रजी पॅसिव्हच्या खरोखर जवळ जाते ते ‘चिठ्ठी लिहिली गेली’ किंवा ‘चिठ्ठी लिहिण्यात आली’. त्याला नवीन कर्मणी म्हणतात. साधा भूतकाळ लिहिताना आपण रोज कर्मणीच वापरतो, त्यासाठी ‘गेली’ आणि ‘कडून’ लागत नाही.

हे न कळल्यामुळे काय होते, ते एका उत्तरपत्रिकेतल्या वाक्यात पाहा : ‘१७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला गेला.’ आता किल्ला जिंकला कोणी? लिहिणाऱ्याला म्हणायचे होते मराठ्यांनी. पण ‘कडून’ दोन कामे करते. ‘माझ्याकडून पेन घे’ यात ते वस्तू कुठून आली हे सांगते, आणि ‘माझ्याकडून चूक झाली’ यात ती कोणी केली हे सांगते. वरचे वाक्य इतिहास न वाचलेल्या माणसाने वाचले, तर पोर्तुगीजांनीच किल्ला जिंकला असे तो समजेल. दुसऱ्या एकाने दुरुस्ती म्हणून ‘पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडून जिंकला गेला’ असे लिहिले आहे. सरळ लिहा : ‘१७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला जिंकला.’ ‘नी’ने कर्ता दाखवला, ‘कडून’ने कुठून ते दाखवले, वाद मिटला.

‘द्वारे’चेही तेच. ‘शाळेद्वारे सहल आयोजित केली गेली’ असे अनेकांनी लिहिले आहे. ‘शाळेने सहल काढली’ यात काय कमी पडले? ‘द्वारे’ साधनासाठी राखून ठेवा : टपालाद्वारे, ईमेलद्वारे. करणाऱ्या माणसाला किंवा संस्थेला ने-नी पुरेसे आहे.

आणखी एक वाक्य : ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावण्यात आली.’ तारीख बरोबर, ठिकाणे बरोबर, क्रियापद चूक. धावणे अकर्मक आहे. कर्मच नाही, तर कर्मणी कुठून करणार? गाडी ‘धावली’, नाहीतर ती ‘सोडण्यात आली’. सोडणे सकर्मक, म्हणून ते चालते. ‘पाऊस पडण्यात आला’ असे तुम्ही कधी लिहीत नाही, मग गाडीच्या बाबतीतही तोच कान वापरा.

आता बातमीतली चूक, हिचे गुण सर्वांत जास्त कापले आहेत. ‘येऊरच्या पायथ्याशी शंभर रोपे लावण्यात आले.’ रोपे अनेकवचनी, म्हणून ‘लावण्यात आली’. ‘विद्यार्थ्यांचा सत्कार करण्यात आली’ यात तुमची नजर विद्यार्थ्यांवर होती की कार्यक्रमावर, कळत नाही. कर्म ‘सत्कार’ आहे, म्हणून ‘आला’. मात्र ‘विद्यार्थ्यांना गौरवण्यात आले’ हे बरोबर, कारण कर्माला ‘ना’ लागले आणि प्रयोग भावे झाला. कर्माला प्रत्यय लागला की क्रियापद त्याच्याशी जुळणे सोडून देते. म्हणूनच ‘पोलिसांनी चोराला पकडला’ असे बोलताना कानावर पडले तरी लिहिताना ‘चोराला पकडले’ किंवा ‘चोर पकडला’. ‘चोराला पकडला गेला’ ही तर दोन वाक्यांची खिचडी आहे.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना ‘ने’ लागत नाही, त्यामुळे इथे कर्मणी लपून बसतो. ‘मी पुस्तक वाचलो’ असे लिहिणारे पाच-सहा जण आहेत. ‘मी वाचलो’ म्हणजे माझा जीव वाचला. पुस्तकाबद्दल सांगायचे तर ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी कादंबरी वाचली’. ‘तू वही आणलीस’ यात ‘आणली’ वहीशी आणि ‘स’ तुझ्याशी जुळतो. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

याच्या उलट काही क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात कर्तरीच लागतो : शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे, पिणे. मी धडा शिकलो, ती नाव विसरली, आजी नऊवारी नेसली, आम्ही सरबत प्यायलो. आपल्याकडे लोकलमध्ये, स्टेशनवर हिंदी सतत कानावर असते, त्यातून ‘त्याने बोलला’ आणि ‘त्याने म्हणाला’ शिरले आहे. ‘तो बोलला’, ‘तो म्हणाला’, पण ‘त्याने सांगितले’. हे तीन रोज मोठ्याने म्हणा, नियमापेक्षा कान लवकर शिकतो.

नवीन कर्मणी वाईट आहे असे मी म्हणत नाही. ‘शुक्रवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ ही सूचना उत्तम आहे, कारण नळ कोणी बंद केला याच्याशी वाचणाऱ्याला देणेघेणे नसते. पण मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रात ‘माझ्याकडून प्रकल्प पूर्ण केला गेला नाही’ लिहू नका. ‘मी प्रकल्प पूर्ण केला नाही’ असे लिहा. त्यात प्रामाणिकपणा आहे आणि वाक्यही लहान होते. ‘माझ्या हातून बरणी फुटली’ ही गोष्ट वेगळी. तिथे अनवधान सांगायचे असते आणि मराठीत त्यासाठी हीच रीत आहे.

पुढची पाच वाक्ये दुरुस्त करून सोमवारी आणा. प्रत्येकाखाली प्रयोग लिहा आणि क्रियापद ज्याच्याशी जुळते त्या शब्दाखाली रेघ ओढा. भावे असेल तिथे रेघ येणार नाही. पाचव्यात आधी अर्थ ठरवा, मग लिहा.

१. क्रीडाशिक्षकांनी विजेत्या मुलींना बोलावल्या.
२. तलावपाळीची साफसफाई महापालिकेद्वारे करण्यात आले.
३. त्याने मला म्हणाला की गडकरी रंगायतनला नाटक आहे.
४. मी रात्री दोन धडे वाचलो.
५. शत्रूकडून गड घेतला गेला.