बॅकअप ॲपचा मदतनीस चॅटबॉट: प्रश्नसंच आणि गुणांकनाची पद्धत

हे टिपण सपोर्ट, कंटेंट आणि इंजिनिअरिंग या तिन्ही टीमसाठी आहे. प्रॉम्प्ट बदलला, मॉडेल बदललं, मदतपानांचा शोध बदलला किंवा मदतपानंच नव्याने लिहिली, तर रिलीजआधी इथे दिलेली चाचणी घ्यायची. ती झाल्याशिवाय "बॉट सुधारला" असं कुणी रिलीज नोटमध्ये लिहायचं नाही. चार-पाच आवडते प्रश्न विचारून "आता बरं वाटतंय" म्हणण्याला इथे किंमत नाही, कारण ते आवडते प्रश्न बहुधा बदल करणाऱ्यानेच निवडलेले असतात.

प्रश्न कुठून घ्यायचे

प्रश्न खऱ्या संभाषणांतून उचलायचे, मीटिंगमध्ये बसून रचायचे नाहीत. आपण रचलेला प्रश्न शुद्ध, पूर्ण आणि मदतपानाच्याच भाषेत येतो. वापरणारा लिहितो "फोटो गेले काय करू". काहीजण रोमन लिपीत मराठी लिहितात, तर काहीजण एकाच संदेशात तीन तक्रारी घालतात. हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं, शुद्धलेखनही सुधारायचं नाही. नाव, फोन नंबर, ईमेल आणि फाइलींची नावं मात्र संचात येण्याआधीच काढायची.

फक्त नापसंतीचा अंगठा मिळालेली संभाषणं घेण्याचा मोह टाळा. अंगठा देणारे थोडे असतात, आणि चुकीच्या उत्तरावर खूश होऊन गेलेला माणूस तर तिथे सापडतच नाही. म्हणून निवड यादृच्छिक करायची, फक्त विषयवार कोटा ठेवून.

संच 240 प्रश्नांचा आहे. त्यातले 130 रोजचे आहेत: जागा संपली, बॅकअप अडकला, नवा फोन घेतला. 50 क्वचित येणारे पण जोखमीचे आहेत: डेटा कायमचा पुसणं, खातं दुसऱ्याच्या हाती जाणं, दोनदा पैसे कापले जाणं. 20 प्रश्न अनेक फेऱ्यांचे आहेत, म्हणजे आधीचं बोलणं लक्षात ठेवल्याशिवाय त्यांचं उत्तर देता येत नाही. उरलेल्या 40 प्रश्नांची उत्तरं आपल्या मदतपानांत नाहीतच. हा गट सगळ्यात आधी कापला जातो ("ज्याचं उत्तरच नाही ते विचारायचं कशाला?"), पण बॉट थापा मारतो की नाही हे फक्त तिथेच कळतं. त्याला हात लावायचा नाही.

240 पैकी 160 प्रश्न खुले आहेत. ते बघून हवी तेवढी डागडुजी करा. उरलेले 80 मोहरबंद आहेत, प्रत्येक गटातून त्याच प्रमाणात काढलेले. ते बॉटवर काम करणाऱ्या कुणालाही दिसत नाहीत आणि रिलीजच्या उंबरठ्यावर एकदाच चालतात. खुल्या संचातला असो वा मोहरबंद, चाचणीतला कोणताही प्रश्न प्रॉम्प्टमध्ये नमुना म्हणून घालायचा नाही. तसं केलं तर पेपर फुटल्यासारखंच आहे.

एक प्रश्न जवळून

प्रत्येक प्रश्नाची एक नोंद असते. उदाहरणार्थ:

```yaml
id: DEL-017
prashna: "फोनमधले फोटो उडवले तर क्लाउडवरचे राहतात ना?"
gat: jokhim
source: help/sync-vs-backup
hava:
  - सिंक चालू असेल तर क्लाउडवरूनही जातात
  - फक्त बॅकअप असेल तर क्लाउडवर राहतात
  - कोणता मोड चालू आहे ते कुठे बघायचं
nako:
  - अट न घालता "हो, राहतात"
```

इथे आदर्श उत्तर लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. आदर्श परिच्छेद लिहिला की तपासणारा नकळत त्याच्याशी शब्द जुळवत बसतो. उत्तरात काय आलंच पाहिजे आणि काय येताच कामा नये, एवढंच लिहायचं. `hava` खाली चारच्या वर मुद्दे झाले तर बहुधा दोन प्रश्न एकात गुंफले गेलेत. ते वेगळे करा.

आता दोन उत्तरं बघू. पहिलं: "काळजी करू नका! तुमच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित आहेत. फोनमधून फोटो काढले तरी क्लाउडवरची प्रत कायम राहते. आणखी काही मदत हवी असल्यास जरूर विचारा." दुसरं: "ते मोडवर आहे. सिंक असेल तर तिथूनही जातील, फक्त बॅकअप असेल तर राहतील. सेटिंग्जमध्ये 'मोड' बघा आणि मगच उडवा."

पहिलं उत्तर गोड आहे, सफाईदार आहे आणि माणसाचे फोटो घालवणारं आहे. दुसरं कोरडं आहे, पण उत्तीर्ण आहे. पाचपैकी गुण द्यायला सांगितले तर पहिल्याला तीन देणारा तपासनीस हमखास भेटतो. म्हणूनच आपण पाचपैकी गुण देत नाही.

गुण कसे द्यायचे

आधी `nako` तपासायचं. त्यातलं काहीही उत्तरात असेल तर ते उत्तर नापास, बाकी कितीही छान असो. मग `hava` मधला प्रत्येक मुद्दा आहे की नाही, हो किंवा नाही. सगळे असले तरच पास. शेवटी, `source` पानात नसलेला एखादा दावा उत्तरात ठामपणे केला असेल, तर मुद्दे बरोबर असले तरी नापास.

किती मुद्दे हुकले याची नोंद ठेवायची, पण ती दुरुस्तीसाठी. निकालात मोजायचे ते फक्त पास आणि नापास. भाषा, लांबी, सौजन्य यांची नोंद वेगळ्या रकान्यात घ्यायची आणि ती बेरजेत मिसळायची नाही. एकदा मिसळली की सौजन्यातली वाढ अचूकतेतली घट झाकून टाकते, आणि एकूण आकडा मात्र वर गेलेला दिसतो.

उत्तर नसलेल्या 40 प्रश्नांत "याची माहिती माझ्याकडे नाही" असं म्हणून सपोर्टकडे पाठवणं म्हणजे पास. उलट, उत्तर पानात असताना हात वर करणं म्हणजे नापास, आणि त्याची संख्या वेगळी मोजायची. हे दोन आकडे नेहमी शेजारी ठेवून वाचायचे, कारण बॉटला अति सावध केलं की पहिला आकडा सुधारतो आणि दुसरा बिघडतो.

तपासणारे

प्रत्येक उत्तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. उत्तर जुन्या आवृत्तीचं की नव्या, हे त्यांना दिसता कामा नये. शीटमध्ये दोन्हींची सरमिसळ केलेली असेल. मतभेद झाला तर तिसरा माणूस निकाल देईल, पण त्याआधी नोंदीतला मुद्दाच संदिग्ध आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा तसंच निघतं.

दोघांची मतं किती जुळतात हे नुसत्या टक्केवारीवरून ठरवायचं नाही. दोघंही 80 टक्के उत्तरं पास करत असतील, तर डोळे मिटून शिक्के मारले तरी 68 टक्के वेळा मतं जुळतील. प्रत्यक्ष जुळणी 85 टक्के असेल तर कोहेनचा कप्पा येतो (0.85 − 0.68) ÷ 0.32, म्हणजे सुमारे 0.53. ही जुळणी मध्यमच म्हणायची. आपली किमान मर्यादा 0.7 आहे. त्याखाली गेलो तर फेरी थांबवून नोंदी दुरुस्त करायच्या.

मॉडेललाच परीक्षक बसवायचा प्रश्न दर वेळी निघतो. बसवा, पण आधी माणसांनी तपासलेली 60 उत्तरं त्याच्याकडून तपासून घ्या आणि तिथेही हाच 0.7 लावा. असे परीक्षक लांब उत्तराकडे झुकतात, दोन उत्तरं शेजारी दिली तर क्रमाला भुलतात आणि स्वतःच्या घराण्यातल्या मॉडेलला झुकतं माप देतात. म्हणून त्याला "कोणतं चांगलं?" असं विचारायचंच नाही. एका वेळी एक उत्तर आणि एक मुद्दा द्यायचा आणि हो किंवा नाही घ्यायचं. परीक्षकाचं मॉडेल आणि प्रॉम्प्ट गोठवून ठेवायचा. तो बदलला तर जुने निकालही नव्याने तपासायचे. जोखमीचे 50 प्रश्न मात्र कायम माणसंच तपासतील.

शब्द जुळवणारी BLEU सारखी मापं आपण वापरत नाही. ते माप 2002 मध्ये यांत्रिक भाषांतरासाठी आलं. आपल्या कामात "फोटो क्लाउडवर राहतात" आणि "फोटो क्लाउडवर राहत नाहीत" यांत बरेचसे शब्द तेच असतात, आणि अर्थ बरोबर उलटा.

तुलना

तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर बदलू शकतं. टेम्परेचर शून्य ठेवलं तरी हुबेहूब तेच उत्तर येईल याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक प्रश्न तीनदा चालवायचा. साध्या प्रश्नाला तीनपैकी दोनदा पास पुरे. जोखमीच्या प्रश्नाला तिन्ही वेळा पास लागतो, कारण डेटा उडायला एक वेळ पुरते.

मग दोन आवृत्त्यांची सरासरी समोरासमोर ठेवण्याऐवजी प्रत्येक प्रश्न पलटला का ते बघायचं. समजा खुल्या 160 मध्ये जुनी आवृत्ती 118 प्रश्नांत पास होती आणि नवी 126 मध्ये. म्हणजे 73.75 वरून 78.75 टक्के. पाच टक्क्यांची उडी ऐकायला झकास वाटते. पण आत बघितलं तर 14 प्रश्न नापासचे पास झालेत आणि 6 पासचे नापास. बाकी 140 जागचे हललेले नाहीत. मग प्रश्न एवढाच उरतो की 20 नाणी उडवली तर 14–6 किंवा त्याहून एकतर्फी निकाल नुसत्या योगायोगाने किती वेळा येईल?

```python
from math import comb

def p_value(sudharle, bighadle):
    n = sudharle + bighadle
    k = max(sudharle, bighadle)
    s = sum(comb(n, i) for i in range(k, n + 1))
    return min(1.0, 2 * s / 2**n)
```

`p_value(14, 6)` चं उत्तर येतं 0.115. म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येईल असा निकाल. तेच `p_value(18, 6)` असतं तर 0.023 आलं असतं आणि सुधारणा मान्य झाली असती. आपली रेषा 0.05 वर आहे.

बिघडलेले सहा प्रश्न मात्र p कितीही असो, एकेक करून वाचायचे. सहाही "परत पैसे" या विषयाचे निघाले तर तो योगायोग नाही, कुठेतरी काहीतरी तुटलंय.

रिलीजला परवानगी देताना आधी जोखमीचा गट बघायचा. आधी पास असलेला एकही प्रश्न तिथे नापास झाला तर रिलीज थांबतं, एकूण आकडा काहीही असो. त्यानंतर वरची चाचणी. ती ओलांडली नाही तर नोंद करायची "फरक दिसला नाही", आणि हेच शब्द वापरायचे. "किंचित सुधारणा" असं लिहायचं नाही. बदल खर्च किंवा वेग यासाठी केला असेल तर फरक न दिसणं चालेल, पण ते कारण बदल करण्याआधीच लिहून ठेवलेलं हवं.

मोहरबंद 80 कडून फार अपेक्षा ठेवू नका. 80 टक्के पासच्या आसपास तिथली चूकमर्यादा जवळपास ±9 टक्के आहे, त्यामुळे बारीक सुधारणा तिथे दिसणारच नाही. त्याचं काम वेगळं आहे. खुल्या संचात उसळी आणि मोहरबंद संच ढिम्म, असं दिसलं तर आपण बॉट सुधारला नाही, खुले प्रश्न पाठ करून घेतले.

संच ताजा ठेवणं

मदतपान बदललं की त्याच्या `source` वर बांधलेल्या सगळ्या नोंदी आपोआप "तपासणी बाकी" मध्ये जातील आणि कंटेंट टीम त्या दोन दिवसांत मोकळ्या करेल. दर तिमाहीला खुल्या संचातले 20 जुने प्रश्न काढून 20 ताजे घालायचे. दोन वेगळ्या संचांवरचे आकडे एकाच आलेखात जोडायचे नाहीत. संच बदलला की सध्या चालू असलेली आवृत्ती त्यावर पुन्हा चालवायची आणि तिथून नवी रेघ सुरू करायची. मोहरबंद संच तीन रिलीजनंतर खुल्यात सोडायचा आणि नवा काढायचा, कारण निकाल बघूनबघून त्यातलंही आपल्याला कळत जातं.

मोहरबंद फाइलची चावी सपोर्ट टीमच्या प्रमुखाकडे राहील, इंजिनिअरिंगकडे नाही. पहिली फेरी सध्याच्या आवृत्तीवर, काहीही न बदलता. त्या निकालाशिवाय नव्या प्रॉम्प्टची ब्रँच मर्ज होणार नाही.