धुवून मोजलेली

दिवाळीच्या सेलमध्ये गेलेल्या गोधड्या तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला परत यायला लागल्या. कुरियरचा पोरगा एरवी एखादं पार्सल काखेत मारून यायचा, तो गाडीला पोतं बांधून आला. "ताई, सही," एवढंच म्हणाला.

ॲपवर सगळ्यांचं कारण एकच होतं: 'वर्णनाप्रमाणे नाही'. खाली गिऱ्हाइकांनी मनातलं लिहिलं होतं. डबल बेडला पुरत नाही. जुनं कापड लावून फसवलं. रजईसारखी फुगीर वाटली होती, ही तर जड आहे. फोटोत गुलाबी, आली ती राणी.

वैशाली चिडली. गोधडी जुन्या लुगड्यांचीच असते, हे का सांगावं लागतं? कोरेगावात नसेल लागत, पण बंगळुरूच्या माणसाला कोण सांगणार? जाण्यायेण्याचं दोन्हीकडचं भाडं तिच्याच हिशेबातून कापलं गेलं होतं. रात्री जेवणं उरकल्यावर तिनं स्वतःचंच वर्णन गिऱ्हाइकासारखं वाचलं.

'आजीच्या मायेची ऊब देणारी, परंपरेच्या धाग्यांनी विणलेली अस्सल सातारी गोधडी. सर्व साइजमध्ये उपलब्ध.'

गोधडी शिवतात, विणत नाहीत. आणि 'सर्व साइज' म्हणजे कुठली, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

सकाळी ती टेप आणि गॅस सिलिंडर तोलायचा ताणकाटा घेऊन पारूमावशीकडे गेली. मावशीच्या ओसरीवर चौघीजणी शिवायला बसत. रचलेल्या गोधड्या एकेक उलगडून मोजल्या, तर एकीची लांबी दुसरीला जुळेना.

"मावशी, माप कसं घेता तुम्ही?"

"हातानं. साडेचार हात लांब, सव्वातीन हात रुंद."

"कुणाच्या हातानं?"

"आगं, जिच्या तिच्या! शेवंताचा हात घेऊन मी कशी शिवू?"

शेवंता उंच होती, तिची गोधडी चार-पाच इंचांनी मोठी भरायची. वैशालीनं चौघींचं एक माप ठरवायचा विषय काढला, तेव्हा कुणी मान वर केली नाही. मग तिनं तो नाद सोडला आणि प्रत्येक गोधडी वेगळी मोजायचं ठरवलं. वरचं कापड नवं सुती, आतली लुगडी धुऊन धुऊन विरलेली. पहिल्या पाण्यात नवं कापड आटतं, जुनं तेवढं आटत नाही, म्हणून सगळीकडे बारीक चुण्या पडतात. तिनं सगळ्या गोधड्या आधी धुतल्या, वाळवल्या आणि मगच टेप लावला. फोटो दुपारच्या उन्हात काढायची, ते सकाळी अंगणातल्या सावलीत काढले. दिवाणावर अंथरून नाही, दोरीवर पूर्ण उलगडून, शेजारी मुलाला उभं करून.

नवं वर्णन असं झालं:

'हातानं शिवलेली गोधडी, एका माणसासाठी. धुतल्यावर मोजलेली लांबी ८१ इंच, रुंदी ५८ इंच, वजन २ किलो १०० ग्रॅम. डबल बेडवर दोघांना पुरणार नाही. वरचं कापड नवं सुती, आत वापरलेल्या, धुतलेल्या सुती साड्यांचे चार थर. कापूस नाही, त्यामुळे फुगीर नाही. अंगावर जड लागते. धावदोरा हातचा आहे, टाके लहान-मोठे दिसतील. रंग राणी, गुलाबी नाही. भिजल्यावर फार जड होते, मोठ्या टबात धुवावी. फोटोतलीच गोधडी तुम्हाला मिळेल.'

नवऱ्यानं वाचून विचारलं, "हे विकायला लिहिलंयस की घेऊ नका म्हणून?"

पुढचे काही आठवडे त्याचं म्हणणं खरं ठरतंय असंच वाटत होतं. ऑर्डरी निम्म्यावर आल्या. पण गेलेलं पार्सल परत येईना आणि महिनाअखेरीला हातात पडलेली रक्कम सेलच्या महिन्यापेक्षा जास्त निघाली. मग एक परत आलंच: 'डांबरगोळ्यांचा वास येतो.' वैशालीनं गोधडी नाकाशी धरली. येत होता. ट्रंकेतल्या गोळ्या तिनं काढून टाकल्या, कडुनिंबाचा पाला घातला आणि तो पाल्याचा वासही वर्णनात लिहिला.

मावशीच्या गोधडीशी ती अडली. बाकीच्यांच्या ओळी एका अंगानं फिरत, मावशीच्या उलट्या अंगानं. गिऱ्हाईक याला दोष म्हणेल, म्हणून तिनं लिहून टाकलं: 'शिवणारी बाई डावखुरी आहे, ओळी उलट फिरतात.'

दोन दिवसांनी नागपूरहून विचारणा आली: 'डावखुऱ्या बाईंनी शिवलेली आणखी एक आहे का? आम्हाला तशीच हवी.'

तिनं मावशीला वाचून दाखवलं. मावशीनं दोरा दातानं तोडला.

"हाय की. पण तिला शंभर रुपये जास्त लिव्ह."