बस ती, ट्रक तो

(सोलापूरचं केगाव. विद्यापीठासमोरचा बसथांबा, दुपारची वेळ. एम.ए. मराठीचे दोघं विद्यार्थी. श्रावणी पूर्व भागातली, घरी तेलुगू. रेवण अक्कलकोटकडचा, घरी कन्नड. भाषाविज्ञानाचा तास नुकताच संपलाय.)

श्रावणी : लिंगाला अर्थाचा आधार असतो म्हणे. माझी आजी जन्मभर इथंच विड्या वळत आली, मराठी फाडफाड बोलते, पण अजून 'चादर फाटला' म्हणते. चादर म्हणजे काय हे तिला कळत नाही का? घरात माग होता तिच्या!

रेवण : तेलुगूचा हिशोब वेगळा, म्हणून चुकते.

श्रावणी : वेगळा नाही, सरळ. धाकटा भाऊ आला, 'तम्मुडू वच्चाडू'. ताई आली, 'अक्का वच्चिंदी'. बस आली, 'बस्सु वच्चिंदी'. एकवचनात पुरुष एकीकडं, बाकी सगळं दुसरीकडं.

रेवण : म्हणजे अक्का आणि बस एकाच रांगेत! आमचं तरी बरं. तम्मा बंदनु, अक्का बंदळु, बस्सु बंतु.

श्रावणी : ती रांग मलाही आवडत नाही, पण नियम तरी कळतो. वस्तू बघायची, लिंग सांगायचं. मराठीत सांग बघू. देह तो, काया ती, शरीर ते.

रेवण : हे गाईडातलं झालं.

श्रावणी : मग आपल्या गावातलं घे. सिद्धेश्वराचा तलाव, सिद्धेश्वराचं तळं. पाणी तेच ना?

रेवण : बरं, पण जोड्या बघ की. सुरा-सुरी, गाडा-गाडी, हातोडा-हातोडी. मोठं ते पुल्लिंगी, लहान ते स्त्रीलिंगी. मुंगळा-मुंगीसुद्धा. आणि वासरू, कोकरू, लेकरू? नर की मादी हे ठरवायची गरज नसते तिथं नपुंसकलिंग. जर्मनमध्येही 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि शब्द नपुंसकलिंगी.

श्रावणी : तो '-शेन' प्रत्ययाचा प्रताप. प्रत्यय लागला की शब्द नपुंसक, मग ती मुलगी असो नाहीतर पावाचा तुकडा.

रेवण : पण प्रत्यय लहानपणाचाच आहे ना? लहानपणा हा अर्थ नाही तर काय?

श्रावणी : जोडी असली की तुझं चालतं. बिनजोडीच्या शब्दांचं काय? भिंत ती, दगड तो, घर ते. भिंत दगडापेक्षा लहान असते का?

(पुण्याकडून आलेला उसाचा ट्रक धूळ उडवत जातो.)

रेवण : परक्या शब्दांकडं बघ. इंग्रजीत त्यांना लिंगच नव्हतं, इथं येऊन मिळालं. बस ती, कारण गाडी ती. सायकल, स्कूटर, सगळ्या गाड्याच.

श्रावणी : आत्ता काय गेलं?

रेवण : ट्रक गेला.

श्रावणी : 'गेला' म्हणालास. ट्रक गाडी नाही?

रेवण : ट्रक दांडगा असतो...

श्रावणी : आणि रेल्वे? ती काय सुरी-लोटीएवढी? अरे, बसला 'गाडी'च का धरलीस, 'वाहन' का नाही? वाहन ते. लिंग आधी ठरलं, नंतर तू त्याला शोभणारा शब्द शोधलास. हे कारण नव्हे, ही सारवासारव.

रेवण : थांब गं. आधी सांगता येत नाही म्हणून कारणच नाही, असं होत नाही. कोणत्या फांदीला किती आंबे लागतील ते सांगता येत नाही, म्हणून आंब्याला कारण नाही का? बरं, डॉक्टर आला, डॉक्टर आली. शब्द तोच, लिंग माणसावरून. हत्ती, माळी, विद्यार्थी ईकारान्त असून 'तो'च. भाषाशास्त्रज्ञ कॉर्बेटनं 1991 साली शेकडो भाषा तपासून हेच मांडलं : निव्वळ शब्दरूपावर चालणारी लिंगव्यवस्था कुठंच नाही, गाभा अर्थाचाच.

श्रावणी : गाभा मान्य. पण मोती, पाणी यांना त्याचा काय उपयोग? साप तो, पाल ती. नर पाल नसते? पतंजलीच्या महाभाष्यातच आहे, 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वात्'. लोक बोलतात तसं लिंग, व्याकरणानं शिकवत बसू नये.

रेवण : लोक बोलतात ते काय नाणं उडवून? 'वेळ' घे. परीक्षेची वेळ झाली, पण बसची वाट बघण्यात वेळ गेला. नेमका क्षण ती, लांबलेला काळ तो. इथं लिंगच अर्थ वेगळा करतंय.

श्रावणी : (थोडं थांबून) हे चांगलंय. पण इथं लिंग अर्थ दाखवतंय, अर्थानं लिंग ठरवलंय असं नाही. क्षणाच्या अर्थाला 'तो वेळ' का नाही, 'ती वेळ' का?

रेवण : मग भांडण मिटवायला प्रयोग करू. एक खोटा शब्द घ्यायचा. एका गटाला त्यासोबत दांडग्या प्राण्याचं चित्र दाखवायचं, दुसऱ्याला वाटीचं. चित्र बदलल्यावर 'तो'ची 'ती' झाली, तर अर्थ जिंकला.

श्रावणी : चालेल. पण शब्द व्यंजनान्त घे. ईकारान्त दिलास तर दोन्ही चित्रांना 'ती'च येणार, आधीच सांगते.