चांदोबाला कुणी खाल्लं नाही!

आकाशदर्शनाची रात्र, बालगट (पहिली ते तिसरी)
पौष शुद्ध अष्टमी, संध्याकाळी सव्वासात, शाळेचं पटांगण

तयारी: स्टँडवर मुलांच्या डोक्याच्या उंचीला एक बल्ब, वायर चटईखालून नेलेली. पेन्सिलीला टोचलेले पांढरे थर्माकोलचे १२ गोळे, दोघांत एक. एक फुटबॉल, एक टेनिस बॉल. पटांगणाचे बाकीचे दिवे बंद. दुर्बीण ओट्यावर, आधीच चंद्रावर लावून ठेवलेली. मुलं चटईवर गोल बसलेली.

(ताई मुलांमध्येच खाली बसते. आवाज हळू. पहिलं अर्धं मिनिट नुसतं वर बघायचं.)

मुलांनो, कुणी काही बोलायचं नाही. नुसतं वर बघा. सापडला का चांदोबा? बोटाने दाखवा.

किती मोठा आहे आज? पूर्ण गोल आहे का? (मुलं म्हणतील: "नाही, अर्धा!") बरोब्बर, अर्धा. मग उरलेला अर्धा कुठे गेला?

(उत्तरं येऊ द्यायची. "ढगात गेला", "राक्षसाने खाल्ला", "तुटला" असं काहीही येईल. कुणालाही चूक म्हणायचं नाही. प्रत्येक उत्तर मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे मुलाला वाटतं आपलं ऐकलं.)

मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा मला वाटायचं की एक काळा ढग येतो आणि चांदोबावर गोधडीसारखा पसरतो. मग मी काय केलं? रोज जेवण झालं की अंगणात जाऊन बघायचे. एकदा आभाळ अगदी स्वच्छ होतं, एवढासाही ढग नव्हता, चांदण्या नुसत्या पसरल्या होत्या. तरी चांदोबा अर्धाच! म्हणजे ढगाचं काम नव्हतं. मग कोणाचं?

चला, शोधून काढू. आधी एक सोपा प्रश्न. आज सूर्य कुठे मावळला? ज्याने बघितलं त्याने हात करा.

(मुलं शाळेमागच्या चिंचांकडे हात करतील.)

हो, चिंचांच्या मागे. तो हात तसाच ठेवा, खाली नाही घ्यायचा. आता दुसऱ्या हाताने चांदोबा दाखवा. आणि नीट बघा, चांदोबाची चमकणारी बाजू कुठे तोंड करून आहे? चिंचांकडे की पाण्याच्या टाकीकडे?

(थांबायचं. पाच-सहा मुलं एकदम ओरडतील: "चिंचांकडे!")

चिंचांकडे! सूर्य गेला तिकडे! सूर्य आपल्याला दिसत नाही, तो खाली गेलाय. पण चांदोबा खूप उंच आहे, त्याला तो अजून दिसतोय. चांदोबाकडे स्वतःचा दिवा नाही बरं का. ना बल्ब, ना कंदील. तो दगडामातीचा मोठ्ठा गोळा आहे. सूर्याचं ऊन त्याच्यावर पडतं, आणि तेच आपल्याला चांदणं म्हणून दिसतं.

म्हणजे आपण आत्ता रात्री बसून ऊन बघतोय!

(बल्ब लावायचा. गोळे वाटायचे. दोघांपैकी एक उभा, एक बसलेला, मग अदलाबदल.)

आता खेळ. हा बल्ब म्हणजे सूर्य. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळे दिपतात. खऱ्या सूर्याकडे तर कधीच नाही. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. तुमचं नाक म्हणजे आपलं गाव. हसू नका, खरंच! आणि हा पांढरा गोळा म्हणजे चांदोबा.

आधी गोळा हातात घेऊन नुसता बघा. बल्बकडची बाजू कशी आहे? पांढरीशुभ्र, थर्माकोलचे बारीक बारीक मणी मोजता येतील अशी. आणि मागची बाजू? काळपट. बोट लावा, मधे एक रेघ आहे बघा, इकडे उजेड, तिकडे अंधार. आता गोळा वर न्या, खाली न्या, बाजूला न्या. अर्धा गोळा उजेडात, अर्धा अंधारात, असंच राहतंय ना? खरा चांदोबाही कायम असाच असतो. अर्ध्यावर ऊन, अर्ध्यावर रात्र. एकही दिवस चुकत नाही.

(हे घाईत सोडायचं नाही. प्रत्येक जोडीजवळ जाऊन रेघेवर बोट ठेवून घ्यायचं. इथे समजलं की पुढचं सगळं मुलं स्वतःच सांगतात.)

आता सगळे बल्बकडे तोंड करून उभे. हात लांब, गोळा डोळ्यांसमोर, पण बल्बच्या जरासा वर. काय दिसतं? काळा! सगळं ऊन पलीकडच्या बाजूला, आणि ती बाजू आपल्याकडे नाहीच. ही अमावस्या. घरी कुणी म्हणालं ना, अमावस्येला चांदोबा नसतो, तर त्यांना सांगायचं, असतो! तुम्ही शाळेत असता तेव्हा तो दिवसभर सूर्याच्या शेजारी वर असतो. फक्त त्याची अंधारी बाजू आपल्याकडे असते. म्हणून अमावस्येला घाबरायचं काही कारण नाही.

आता हळूच डाव्या हाताच्या बाजूला वळायला लागा. पायांनी वळा, गोळा नाकासमोरच राहू द्या. थोडंसंच... थांबा! गोळ्याच्या कडेला काय आलं? उजेडाची बारीक फाक! आजीच्या कपाळावर असते तशी. काय म्हणतात तिला? (मुलं: "चंद्रकोर!") चंद्रकोर. अमावस्येनंतर बीजेला, तिजेला, सूर्य मावळला की पश्चिमेला दिसते ती हीच.

अजून वळा. बल्ब तुमच्या उजव्या खांद्याला आला की थांबा. आता गोळा बघा. आणि वर चांदोबा बघा. परत गोळा. परत चांदोबा.

(इथे ताईने बोलायचं नाही. मुलांच्या लक्षात यायला वेळ लागतो, आणि ते लक्षात येताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.)

सारखेच आहेत ना! तुमच्या हातात आजचा चांदोबा आहे. अष्टमीचा.

पुढे वळा. उजेड वाढतोय, अर्ध्याहून जास्त झाला. आता बल्बकडे पाठ करा. गोळा डोक्याच्या वर धरा, जरा उंच. आता? पूर्ण गोल! पौर्णिमा! कोजागरीला दुधात दिसतो ना, तो हा.

आता गंमत. हाच गोळा जरा खाली घ्या, डोळ्यांच्या रेषेत. अरे, काळा झाला! का? कारण तुमच्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडली. हे चंद्रग्रहण. पृथ्वीची सावली चांदोबावर पडते ती अशी, आणि ती कधीतरीच, तीसुद्धा पौर्णिमेलाच. बाकी रोजच्या चांदोबाचा आणि पृथ्वीच्या सावलीचा काही संबंध नाही. हे आईबाबांनाही सांगा, पुष्कळ मोठ्या माणसांना ही गोष्ट माहीत नसते.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? मागे फुटबॉल ठेवलाय, तो आण रे कुणीतरी. हा फुटबॉल म्हणजे पृथ्वी. तर चांदोबा केवढा? हा क्रिकेटचा टेनिस बॉल, एवढा. कुठे ठेवू? इथे, शेजारी? नाही! माझ्याबरोबर मोजा, माझी मोठी पावलं.

(जवळजवळ सात पावलं चालायचं, मुलांनी मोठ्याने मोजायचं.)

सात! इतका लांब. खरं अंतर आहे जवळजवळ ३ लाख ८४ हजार किलोमीटर. आणि चांदोबाची वाट जराशी तिरकी आहे, म्हणून तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

चला, फेरी पूर्ण करू. अजून डावीकडे वळा. आता उजेड कमी होतोय, पण बघा, आता तो दुसऱ्या बाजूला आहे, डावीकडे. हा वद्य अष्टमीचा चांदोबा. हा मध्यरात्री उगवतो, तुम्ही झोपलेले असता. सकाळी शाळेत येताना वर बघितलंत तर दिसेल. निळ्या आभाळात, फिकट.

कुणाची आई संकष्टी करते? आजी? चंद्र उगवेपर्यंत जेवत नाही, आणि किती वेळ वाट बघावी लागते! कारण चांदोबा रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. पौर्णिमेला दिवेलागणीला, आणि चार दिवसांनी चतुर्थीला पार रात्री नऊच्या आसपास. तो आळशी नाही हो. तो पृथ्वीभोवती पुढे पुढे चालत असतो, म्हणून पृथ्वीला त्याला गाठायला रोज थोडं जास्त वळावं लागतं.

आणि परत बल्बकडे तोंड. अमावस्या. एक फेरी झाली! तुम्हाला लागली दोन मिनिटं. चांदोबाला एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत लागतात २९ दिवस आणि वर अर्धा. म्हणून तर आपला महिना तेवढा.

(अदलाबदल. दुसऱ्या मुलाने पूर्ण फेरी करायची. या वेळी ताईने नाही, बसलेल्या मुलाने "बीज!", "अष्टमी!", "पौर्णिमा!" असं ओरडायचं. मग सगळे खाली.)

बल्ब बंद करायच्या आधी एक गोष्ट. चांद्रयान-३ कुणाला माहीत आहे? सगळ्यांनाच! २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आपलं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं. त्या संध्याकाळीही चांदोबा जवळजवळ असाच होता, अर्धा. विक्रम उतरलं तिथे तेव्हा सकाळ झाली होती. मुद्दामच सकाळ निवडली होती, कारण विक्रम आणि छोटा प्रज्ञान उन्हावर चालत होते. चंद्रावर एकदा ऊन आलं की आपले १४ दिवस राहतं, आणि रात्रही तेवढीच लांब.

आता दुर्बिणीतून तुम्हाला काय बघायचंय ते सांगते. मघाशी गोळ्यावर बोट ठेवलं होतं ना, उजेड-अंधाराच्या रेघेवर? ती रेघ शोधा. दुर्बिणीत ती सरळ दिसत नाही, कुरतडलेली दिसते. तिथे गोल गोल खड्डे आहेत, काठ चुन्याने रंगवल्यासारखे पांढरे, आणि आत काळी सावली भरलेली. त्या रेघेवर आत्ता सकाळ होतेय. सूर्य नुकताच वर आलाय, म्हणून सावल्या लांब लांब पडल्यात, सकाळी तुमची पडते तशी.

दुर्बिणीला हात लावायचा नाही, नाहीतर चांदोबा पळतो. हात पाठीमागे, एक डोळा बंद.

आणि हा गोळा घरी न्यायचा. उद्या दुपारी चार वाजता अंगणात उन्हात या. पूर्वेकडे बघा, चांदोबा दिवसाच वर आलेला असेल. सूर्याकडे पाठ करा, हात लांब करून गोळा चांदोबाच्या अगदी शेजारी धरा, आणि बघा दोघांवर ऊन कसं पडलंय. जसं दिसेल तसं वहीत काढा, आणि परवा बाईंना दाखवा.

(बल्ब बंद. डोळे अंधाराला सरावू द्यायचे.)

चला, पहिलीच्या मुलांनी आधी उभं राहायचं. ज्याची उंची पुरत नाही त्याच्यासाठी पाट ठेवलाय.