विषय: आषाढी वारीसाठी रजा – २२ जून ते ७ जुलै २०२५

१४ मे २०२५

मा. कुलकर्णी साहेब,
सप्रेम नमस्कार.

ज्ञानोबा माउलींच्या पालखीबरोबर यंदा पंढरपूरपर्यंत चालत जायचं ठरवलं आहे. त्यासाठी रविवार २२ जून ते सोमवार ७ जुलै अशी रजा हवी आहे. मधले दोन गुरुवार सुट्टीचे, म्हणजे १४ दिवस. माझी अर्जित रजा २६ दिवस शिल्लक आहे, त्यातूनच ती धरावी. ८ जुलैला मंगळवारी सकाळी मी कामावर हजर असेन.

आळंदीहून प्रस्थान १९ जूनला आहे, पण तेव्हापासून निघाले तर पगाराचं काम अर्धवट राहील. आपली हजेरी २० तारखेला बंद होते. म्हणून २० तारखेला पालखी दिघीवरून जाईल तेव्हा मी भोसरीतच मस्टरवर बसलेली असेन, आणि २२ ला पहाटे हडपसरला आमच्या दिंडीत सामील होईन. त्या दिवशी दिवे घाट चढून सासवड. यापुढे मात्र तारखा मागेपुढे करता येत नाहीत, कारण एकादशी ६ जुलैला आहे आणि मुक्काम त्याच हिशोबाने ठरलेले असतात.

आता कामाचं. जूनचा पगार ३० तारखेला जायचा आहे आणि तेव्हा आम्ही नातेपुत्यात असू. २१ जूनला संध्याकाळपर्यंत सर्व २१२ जणांचा पगार काढून, ओव्हरटाइम आणि ॲडव्हान्सच्या कपातीसह, तुमच्या टेबलावर ठेवते. बँकेत अपलोड करायची फाइलही तयार असेल. त्यानंतर कोणी राजीनामा दिला किंवा एखाद्याचा खाते क्रमांक बदलला, तर तेवढाच फरक प्राजक्ताने करायचा. ती अकाउंट्समधून दोन दिवस मिळावी, २८ आणि ३० जून. मे महिन्याचा पगार मी तिच्याच हाताने करवून घेणार आहे, मी फक्त शेजारी बसेन. बघून शिकणं आणि स्वतः करणं यात फार फरक पडतो.

यावर मी इतका भर देते त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मी चारच दिवस रजेवर होते, तरी रात्रपाळीतल्या १७ जणांचा ओव्हरटाइम राहून गेला आणि ती माणसं तुमच्या केबिनबाहेर उभी राहिली. चूक माझी होती, मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. या वेळी रात्रपाळीचं रजिस्टर २० तारखेला सुपरवायझरसोबत बसून, नाव वाचून, सही घेऊन बंद करीन.

एका तारखेकडे मात्र तुमचं लक्ष हवं. पगारातून कापलेला टीडीएस ७ जुलैपर्यंत भरावा लागतो आणि त्या दिवशी मी पंढरपूरहून परतीच्या एसटीत असेन. चलनाचा तपशील काढून ठेवते. प्राजक्ताने ते २ जुलैलाच भरावं, शेवटच्या दिवसावर ठेवू नये. पीएफ आणि ईएसआयची मुदत १५ जुलै, ते मी आल्यावर करीन. कंत्राटदारांची बिलंही तोवर थांबू शकतात. वेतनवाढीचा फरक जूनच्या पगारात घालायचा विचार असेल तर विनंती आहे की तो जुलैत घ्यावा. ते काम माझ्यामागे दुसऱ्या कोणावर टाकणं मला बरोबर वाटत नाही.

फोनबद्दल. पहाटे चालायला लागलं की दुपारच्या विसाव्यापर्यंत फोन पिशवीत असतो आणि त्या गर्दीत रेंज दाखवली तरी कॉल लागत नाही. रात्री समाजआरती झाली की तंबूत असते. साडेआठ ते साडेनऊ या वेळात फोन करावा किंवा मेसेज टाकावा, त्याच रात्री उत्तर देईन. लॅपटॉप बरोबर नेता येणार नाही. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि ट्रक पुढच्या मुक्कामी निघून जातो.

आई बावीस वर्षं डोक्यावर तुळस घेऊन ही वाट चालली. फेब्रुवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा तिने पितळेचं वृंदावन चिंचेने घासून लख्ख केलं, खाली घ्यायची चुंबळ जुन्या लुगड्याची नव्याने वळली आणि माझ्यासमोर ठेवली. तिची वारी चुकू नये म्हणून मला जायचं आहे.

दिंडीत भिशीचे पैसे भरून नाव नोंदवायची मुदत २५ मे आहे. तुमचा निर्णय शनिवार २४ मेपर्यंत कळला तर प्राजक्ताच्या साहेबांशीही वेळेत बोलता येईल. कामाची यादी तारखांसह वेगळ्या कागदावर जोडली आहे. त्यात काही राहिलं असेल तर सांगावं, जूनच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घेते.

आपली,
संगीता जगताप
वेतन विभाग