हजेरीपत्रक: तारखा आणि आकडे कसे भरायचे

सर्वांना नमस्कार,

या महिन्यातही हजेरीची बेरीज जुळली नाही. कारण तेच. कुणी 5 जूनसाठी 5/6 लिहिलं आणि शीटने ते 6 मे धरलं. यापुढे तारीख 2025-06-05 अशीच: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

तासांच्या रकान्यात फक्त आकडा. साडेआठ तास म्हणजे 8.5, 8:30 लिहिलं की ती घड्याळातली वेळ होते. ‘8 तास’ हा तर मजकूरच, SUM त्याला गुपचूप वगळतं. (आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की गडबड समजा.) गैरहजेरीला 0; रिकामा रकाना म्हणजे भरायचा राहिलेला.

आपापल्या जूनच्या नोंदी शुक्रवार संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. दुसऱ्याची चूक दिसली तर परस्पर बदलू नका, कॉमेंट टाका.